मोसंबी तीच, साखर तीच. मग चोथ्याने काय बदलतं?

प्रश्न: "बाबा ६१ वर्षांचे आहेत, दहा वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. घरच्या शेतातली मोसंबी असल्याने रोज सकाळी मोठा ग्लासभर ताजा रस घेतात, साखर अजिबात न घालता. डॉक्टर म्हणाले रस बंद करा, फळ खा. फळ तेच, साखर तीच, मग फरक काय पडतो? रसात इसबगोल टाकून दिलं तर चालणार नाही का? बाबांना कवळी आहे, चावायचा कंटाळा करतात."

मी जालन्यात बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे मोसंबीचा विषय माझ्यासमोर आठवड्यातून दोनदा तरी येतोच. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना मोसंबी न्यायची आणि त्याला रस काढून पाजायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची पद्धत आहे. त्यामुळे रस बंद करा म्हटलं की घरच्यांना ते औषध बंद केल्यासारखं वाटतं. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे. पण त्यामागचं जे कारण सहसा एका वाक्यात सांगितलं जातं, "रसाची साखर लगेच चढते, फळाची हळूहळू चढते", ते अर्धंच आहे. तेवढंच कारण धरून चाललं तर इसबगोलाचा उपाय सुचणं स्वाभाविक आहे. म्हणून उरलेलं अर्धं नीट सांगते.

आधी साखरेचा हिशेब करू. संत्र्याचे आकडे चांगले मोजलेले आहेत आणि मोसंबी त्याच कुळातली, त्यामुळे थोड्याफार फरकाने तेच धरायला हरकत नाही. १०० ग्रॅम संत्र्याच्या गरात साधारण ९ ग्रॅम साखर असते आणि २ ग्रॅमपेक्षा थोडा जास्त तंतू, म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो तो. तेवढ्याच वजनाच्या गाळलेल्या रसात साखर जवळपास तेवढीच, ८ ग्रॅमच्या वर, आणि चोथा अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे गाळणीत साखर अडकत नाही, फक्त चोथा अडकतो. मध्यम आकाराच्या एका मोसंबीतून ५० ते ६० मिलिलिटर रस निघतो. तुमच्या बाबांचा मोठा ग्लास २२० ते २५० मिलिलिटरचा असेल, तर त्यात चार मोसंब्या गेल्या आणि सुमारे २० ग्रॅम साखर आली. चहाचे चार ते पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच गटात मोजते, आणि अख्ख्या फळातली साखर मात्र त्या गटात धरत नाही. रेणू तोच असताना ही वेगवेगळी मोजणी कशासाठी, हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

मोसंबीची फोड सोलून उजेडात धरून पाहा. आत रसाच्या बारीक बारीक पिशव्या दिसतात. त्यांच्याभोवती फोडीचा पापुद्रा, त्याच्यावर पांढरे धागे. साखर त्या पिशव्यांमध्ये बंद असते. पापुद्र्यात आणि पांढऱ्या सालीत पेक्टिन भरपूर असतं, जॅम घट्ट करणारा तोच पदार्थ. फोड खाल्ली की पिशव्या दातांनी काही फुटतात, काही तशाच पोटात जातात. जठर घन पदार्थाला लगेच पुढे सोडत नाही. तो घुसळून अगदी बारीक झाल्यावरच, थोडा थोडा लहान आतड्यात जातो, आणि त्याआधी काही वेळ नुसत्या घुसळण्यातच जातो. पातळ रसाला हा थांबा नसतो. तो प्यायल्या प्यायल्या पुढे सरकायला लागतो आणि त्यातली साखर आधीच विरघळलेली असते, म्हणजे आतड्याला पेशी फोडायचं काम उरत नाही. पेक्टिनने दाटपणा आला असता तर साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागला असता, पण ते तर गाळणीत राहिलं.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, रसाने साखर आभाळाला भिडत असेल आणि फळाने जेमतेम हलत असेल. तसं होत नाही. १९७७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. मला तो अजून उपयोगी वाटतो, कारण त्यात प्रश्न अगदी स्वच्छ मांडला होता. दहा निरोगी माणसांना वेगवेगळ्या वेळी अख्खी सफरचंदं, सफरचंदाचा लगदा आणि चोथा काढलेला रस दिला. तिन्हींत पचणारं कर्बोदक सारखंच, ६० ग्रॅम. रक्तातली साखर तिन्ही वेळा जवळपास सारख्याच उंचीपर्यंत चढली. फरक दिसला तो नंतर. रसानंतर इन्सुलिन जास्त वाढलं आणि साखर उतरताना सुरुवातीच्या पातळीखाली घसरली. लगद्यानंतर ती कमी घसरली, अख्ख्या सफरचंदानंतर घसरलीच नाही. आणि दुसरी गोष्ट: रस पिऊन व्हायला जेवढा वेळ लागला, त्याच्या अकरा पट वेळ सफरचंदं खायला लागला. मग त्यांनी रस मुद्दाम हळूहळू प्यायला लावून वेळ सारखा केला. तरीही पोट भरल्याची भावना फळाने सर्वांत जास्त, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी आली.

एक गोष्ट लक्षात घ्या. ती माणसं निरोगी होती. दहा वर्षांच्या मधुमेहात स्वादुपिंडाचा प्रतिसाद उशिराचा आणि अपुरा असतो, म्हणून बाबांची साखर तशी खाली घसरण्याऐवजी वर रेंगाळण्याची शक्यता जास्त. फळाफळातही फरक असतो. याच गटाने पुढे संत्री आणि द्राक्षांवर प्रयोग केला तेव्हा संत्र्याने रसापेक्षा इन्सुलिन कमी वाढलं, पण द्राक्षांच्या बाबतीत तसं झालं नाही. पोट मात्र दोन्ही वेळा अख्ख्या फळानेच जास्त भरलं. म्हणून मी रुग्णांना सांगताना साखर चढण्याच्या वेगावर फार जोर देत नाही. वेगातला फरक असतो, पण तो फळावर, माणसावर, औषधांवर बदलतो. पोट भरण्यातला फरक मात्र मला जवळपास प्रत्येकात दिसतो.

आता माझ्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं उदाहरण सांगते. त्यांचाही प्रश्न तुमच्यासारखाच होता आणि त्यांना पटवून घ्यायला आकडे हवे होते. त्यांना फक्त मेटफॉर्मिन होतं, त्यामुळे साखर एकदम उतरण्याची भीती नव्हती. डॉक्टरांना विचारून आम्ही तीन सकाळी ठरवल्या, मध्ये एकेक दिवस सोडून. उपाशीपोटी एक वाचन, मग मोसंबी, मग अर्ध्या तासाने, तासाने आणि दोन तासांनी वाचन. दोन तास दुसरं काही खायचं नाही आणि चालायला जायचं नाही, कारण चालल्याने आकडा बदलतो.

पहिल्या दिवशी नेहमीसारखा चार मोसंब्यांचा रस. तो त्यांनी दोन मिनिटांत संपवला. साखर १२४ वरून अर्ध्या तासात १८१, तासाला १९०, दोन तासांनी १४९. दुसऱ्या वेळी त्याच आकाराच्या चार मोसंब्या सोलून समोर ठेवल्या आणि सांगितलं की पोट भरेल तिथे थांबा. त्या अडीच मोसंब्यांवर थांबल्या. दीड मोसंबी ताटात अजून शिल्लक असताना, पंधरा मिनिटांनी. आकडे १२१, १४१, १५८, १३८. त्या लगेच म्हणाल्या, "बघा, चोथ्याने साखर तीस अंकांनी उतरली." मी म्हटलं, थांबा, तिसरा दिवस बाकी आहे. तिसऱ्या वेळी अडीच मोसंब्यांचाच रस काढला. आकडे आले १२३, १६३, १६९, १३५.

या तिसऱ्या दिवसात मला सगळ्यांत जास्त रस होता. फळ आणि त्याच मापाचा रस यांची तुलना केली तर अर्ध्या तासाला १४१ आणि १६३, तासाला १५८ आणि १६९. रस थोडा लवकर आणि थोडा वर गेला, अपेक्षेप्रमाणे. पण घरच्या ग्लुकोमीटरला १००च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतची चूक नियमानेच मान्य असते. म्हणजे १६३ चा खरा आकडा १४० च्या आसपासही असू शकतो. अशा एकेका वाचनावरून मी वेगाबद्दल ठाम काही म्हणणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या दिवसातला मोठा फरक मात्र बराचसा कशाने आला असावा ते दिसतं: चार मोसंब्यांऐवजी अडीच पोटात गेल्या म्हणून. चोथ्याने साखरेला अडवलं असेल थोडं, पण त्याने बाईंना अडवलं ते जास्त. रस पिताना चौथ्या मोसंबीला "आता पुरे" म्हणायला कोणी नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतः वहीत लिहून आणली होती. फळाच्या दिवशी सकाळी दहाला नाश्त्याच्या दोन पोळ्यांपैकी एकच खाल्ली गेली. अडीच मोसंब्यांच्या रसाच्या दिवशी दोन्ही संपल्या, वर थोडा चिवडाही. साखर जवळपास तेवढीच आत गेली होती, पण रसाच्या दिवशी पोटाने तिची दखलच घेतली नव्हती. रस हा नाश्त्याच्या जागी येत नाही, नाश्त्याच्या वर येऊन बसतो. महिनोन् महिने रोज असं झालं की वजन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दोन्ही हळूहळू वर जातात, आणि मग घरचे म्हणतात की आम्ही तर वरून साखर घालतच नाही.

पोट भरणं हे नुसतं पोटात किती गेलं यावर ठरत नाही. चावताना वेळ जातो, लाळ सुटते, आणि तेवढ्या वेळात जठर ताणलं जातं, आतड्यातून पोट भरल्याचे संदेश मेंदूकडे निघतात. ते पोचायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात. दोन मिनिटांत संपलेल्या ग्लासाला ते संदेश गाठूच शकत नाहीत. शिवाय शरीर पातळ पदार्थाला अन्नापेक्षा पाण्याच्या जवळचं समजतं की काय, असं वाटण्याइतपत पेयातल्या उष्मांकांची भरपाई पुढच्या जेवणात कमी होते.

आता इसबगोल. तुमची कल्पना वेडगळ नाही. इसबगोल हा पाण्यात बुळबुळीत होणारा तंतू आहे आणि जेवणाबरोबर घेतल्यास जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. पण रसात चोथा परत घातला म्हणजे फळ परत मिळालं असं होत नाही. २००९ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात ५८ जणांवर हेच तपासलं गेलं. दुपारच्या जेवणाआधी कधी अख्खं सफरचंद, कधी सफरचंदाचा लगदा, कधी साधा रस, तर कधी वरून तंतू मिसळलेला रस. सगळ्यांचे उष्मांक सारखे. सफरचंद खाल्लेल्या दिवशी लोक जेवणात, काहीच न खाल्लेल्या दिवसापेक्षा, सफरचंदाचे उष्मांक धरूनसुद्धा १५ टक्के कमी जेवले. आणि तंतू मिसळलेला रस साध्या रसाहून जास्त पोट भरणारा ठरला नाही. तंतूचं वजन परत आलं, पण पिशव्या आणि पापुद्रे आले नाहीत आणि चावणंही आलं नाही. त्यामुळे बाबांना बद्धकोष्ठासाठी इसबगोल द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, भरपूर पाण्यासोबत आणि गोळ्यांपासून वेळेचं अंतर ठेवून द्या. पण रसाला परवाना म्हणून नको.

"मग मिक्सरमधून काढून न गाळता दिलं तर?" हा पुढचा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. ते रसापेक्षा नक्की बरं, कारण चोथा आत राहतो. ब्रिटनमध्ये बियांसकट फिरवलेल्या फळांवर झालेल्या काही छोट्या प्रयोगांत साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढली नाही, काहींत कमीच चढली. त्यामुळे मिक्सरने तंतू "मरतो" हे जे फिरतं, ते खरं नाही. पण ब्रिस्टलच्या प्रयोगातल्या लगद्यासारखंच इथेही पोट भरण्याच्या बाबतीत तो मधल्या पायरीवर राहतो आणि ग्लासात ओतला की चार मोसंब्या पुन्हा दोन मिनिटांत संपतात. मिक्सर वापरायचाच तर दीड मोसंबीचं करा, पाणी घालू नका आणि वाटीत घालून चमच्याने खायला द्या. आमरसालाही मी हाच नियम लावते: वाटी लहान, चमचा हातात आणि त्या जेवणातल्या पुऱ्या कमी.

कवळीचा मुद्दा खरा आहे आणि तो बाजूला सारून उपाय चालणार नाही. कवळी असलेल्या माणसाला मोसंबीचा पापुद्रा चिवट लागतो, तो हिरडी आणि कवळीमध्ये अडकतो, मग ते चोखून रस घेतात आणि चोथा थुंकून टाकतात. तो रसच झाला. मी अशांना सांगते की मोसंबीची वरची साल काढताना आतला पांढरा थर थोडा राहू द्या, मग फोडी सोलून मोकळ्या न करता अख्खी मोसंबी आडवी कापून बोटभर रुंदीच्या चकत्या करा आणि त्यांचे बारीक तुकडे करा. आडवं कापल्याने पापुद्रे लहान होतात आणि सहज चावले जातात. बिया काढा, चिमूटभर जिरेपूड घाला. तेही जड जात असेल तर मोसंबीचा हट्ट सोडा. पिकलेली पपई किंवा मऊ पेरू बारीक चिरून चांगला. पेरूत तर १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमच्या वर तंतू असतो, फक्त कवळीत बिया अडकतात म्हणून मधला बियांचा भाग काढावा लागतो. कवळी सैल असेल तर दंतवैद्यांना दाखवा. माझ्याकडे कितीतरी जण फळं "आवडत नाहीत" म्हणायचे आणि कवळी नीट बसवल्यावर खायला लागले.

आता औषधं. इथे घाई करू नका. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, खाल्लं असो वा नसो. बाबांचा गोळीचा डोस इतके दिवस सकाळच्या २० ग्रॅम साखरेसोबत ठरत आलेला असेल. उद्यापासून रस बंद केला, नाश्ता मात्र नेहमीसारखा दहाला दिला आणि गोळी आठलाच घेतली, तर साखर कमी होऊन घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसू शकतात. गोळी आणि नाश्ता एकत्रच ठेवा आणि रस बंद करताना डॉक्टरांना कळवा म्हणजे पहिला आठवडा सकाळच्या आकड्यांवर लक्ष ठेवता येईल.

आणि साखर ७० च्या खाली गेली तर मात्र रसच द्या, फळ नको. अर्धा कप, म्हणजे १२० मिलिलिटर गाळलेला फळांचा रस लगेच पाजायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हा जगभरचा प्रमाण उपचार आहे. तिथे आपल्याला चोथा नको असतो, कारण पोटात थांबा नको असतो. शुद्ध नीट असेल तरच पाजायचं. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. पुढे कधी औषधांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आलं, तर घरात ग्लुकोजची पावडर ठेवा. ती औषधं चहात घालतो त्या साखरेचं पचन लांबवतात, आणि मोसंबीतली बरीचशी साखर त्याच जातीची असते.

दोन परिस्थितींत माझा सल्ला बदलतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल आणि रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल, तर मोसंबी रस म्हणून आणि फळ म्हणूनही मोजूनच, मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारून. आणि जुन्या मधुमेहात काहींचं जठर मंदावतं, दोन घासांत पोट गच्च होतं, सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी उलटीत पडतं. अशा माणसाला चोथ्याचा आग्रह धरला तर त्रास वाढतो. बाबांना असं काही होत असेल तर फळांबद्दल बोलण्याआधी तेच डॉक्टरांना सांगा.

यातलं काही नसेल तर मी अशी सुरुवात करेन: सकाळचा ग्लास बंद. त्याऐवजी अकराच्या सुमाराला एक मोसंबी, वर सांगितल्याप्रमाणे चिरलेली, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे. घरची मोसंबी खाल्ल्याचं समाधान त्यांना मिळायला हवं, नाहीतर आठ दिवसांत ग्लास परत येतो. पडताळून पाहायचं असेल तर त्या बाईंसारखा उपाशीपोटी प्रयोग करू नका, कारण बाबांना ग्लिमेपिराइड आहे. दुपारच्या जेवणानंतर साडेतीन तासांनी करा. एक दिवस एका मोसंबीच्या फोडी, दुसऱ्या दिवशी तेवढाच रस, दोन्ही दिवशी जेवण सारखं. आधीचं आणि तासानंतरचं वाचन घ्या, आणि शेजारच्या रकान्यात संध्याकाळी पहिल्यांदा भूक किती वाजता लागली ते लिहा. वीस-पंचवीस अंकांच्या आतला फरक सोडून द्या. भुकेची वेळ मात्र चार दिवस लिहून मला कळवा, त्यावरून रात्रीच्या जेवणाचं बघता येईल.